‘मी आले’ की ‘मी आलो’?

शाळेतील समुपदेशन कक्षाच्या दाराबाहेर एक लाकडी पेटी टांगलेली आहे. मुलांनी आपली अडचण चिठ्ठीत लिहून तीत टाकावी, अशी ती व्यवस्था. बहुतेक चिठ्ठ्या परीक्षेच्या भीतीच्या, मैत्रीतल्या रुसव्याफुगव्यांच्या असतात. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्या पेटीत चार घड्या घातलेले एक पत्र निघाले. समुपदेशक बाईंनी ते काही दिवसांनी, त्या मुलाच्या अनुमतीने, माझ्यापुढे ठेवले. आज त्या मुलाच्या आणि पालकांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, ते वाचकांपुढे ठेवत आहे. या पाक्षिकाचे बहुसंख्य वाचक आजी-आजोबा आहेत, आणि या हकिकतीत एका आजीचा मोठा वाटा आहे.

पत्र असे होते :

‘आदरणीय मॅडम,

हे पत्र मी तीन वेळा लिहून फाडले आहे. हे चौथे. माझे नाव लिहीत नाही, कृपया रागावू नका. मी नववीत शिकत आहे.

मला नक्की काय होते ते नीट सांगता येत नाही. वर्गात “मुलींनी या बाजूला या” असे कोणी म्हटले, की मला उठायला एक क्षण उशीर होतो. आपल्याला बोलावले आहे हे आधी कळतच नाही. आठवीपासून गणवेशात ओढणी आली तेव्हापासून हे फार वाढले आहे. ओढणीचा राग नाही. पण ती घातली की आरशात जे कोणी दिसते ते माझ्या ओळखीचे वाटत नाही. दर महिन्याचे ते चार दिवस मला नको असतात. मैत्रिणी म्हणतात की ते कोणालाच नको असतात. पण त्यांना पोटात दुखते म्हणून नको असतात. मला वेगळ्याच कारणासाठी नको असतात.

मी मुलगा आहे असे मला म्हणायचे आहे का, तेही माहीत नाही. कधी वाटते होय. कधी वाटते हे सगळे माझ्या मनाचे खेळ आहेत, आणि बारावीपर्यंत आपोआप जाईल. मला माझे म्हणून काही लिहायचे झाले की “आले” लिहू की “आलो” लिहू इथेच पेन थांबते. म्हणून हे पत्र असे विचित्र झाले आहे.

मला चार गोष्टी विचारायच्या आहेत. हा आजार आहे का? असल्यास औषध असते का? दुसरे, मी वाईट आहे का? तिसरे, हे तुम्ही माझ्या घरी सांगाल का? बाबांना कळले तर शाळा बंद होईल अशी भीती वाटते. आजीला कळले तर ती रडेल, ते मला बघवणार नाही. चौथे, शाळेत पाणी न पिता दिवस काढण्याचा मला कंटाळा आला आहे. यावर काही उपाय आहे का?

उत्तर द्यायचे असल्यास ग्रंथालयातल्या मोठ्या शब्दकोशात, “ल” या अक्षराच्या पानांत ठेवावे. तो कोश कोणी उघडत नाही.

आपला नम्र विद्यार्थी’

शेवटच्या शब्दापुढे ‘नी’ लिहून खोडले होते.

पत्र कसे वाचावे

आपल्या भाषेत ‘मी’ म्हणताच क्रियापद आपले लिंग सांगून टाकते. या मुलाने संपूर्ण पत्रात ‘करते’ वा ‘करतो’ हे रूप एकदाही आपल्यासाठी वापरलेले नाही. ‘मी शिकत आहे’, ‘मला वाटते’, ‘पेन थांबते’ अशी वाक्ये शोधून शोधून योजली आहेत. ज्याने इतके श्रम घेतले त्याची अडचण लहर नव्हे, हे बाईंनी तेथेच ओळखले. मात्र त्यापुढे जाऊन ‘हे मूल अमुक आहे’ असा शिक्काही त्यांनी मारला नाही, कारण मुलाने स्वतःच तो मारलेला नव्हता. मी या लेखात ‘मूल’ हा शब्द आणि त्याचे नपुंसकलिंग वापरतो आहे, तेही याच कारणाने.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. या मुलाची आजी मूळची कोल्हापूरकडची. त्या भागातील अनेक स्त्रियांप्रमाणे ती जन्मभर ‘मी येतो’, ‘मी जातो’ असेच म्हणत आली आहे, आणि आपण स्त्री आहोत याविषयी तिला कधी शंका आली नाही. तेव्हा बोलण्याची रूपे, आखूड केस, क्रिकेटचे वेड, किंवा मुलाला स्वयंपाकाची वा नृत्याची आवड, यांवरून काहीही ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे आजारांचे वर्गीकरणही हेच सांगते : केवळ वागण्या-आवडीतील वेगळेपणावरून निदान करू नये. महत्त्वाचे असते ते मुलाला आतून स्वतःविषयी काय वाटते, ते किती काळ टिकून आहे आणि त्यापायी त्याला किती त्रास होतो, हे. कोणाविषयी आकर्षण वाटते हा तर आणखी निराळा प्रश्न, आणि या पत्रात तो कोठेही नव्हता.

माझी चूक

पत्रातील चौथा प्रश्न वाचताना मला माझीच लाज वाटली. हे मूल माझ्या ओळखीचे होते. त्याची आजी गुडघेदुखी आणि मधुमेहासाठी माझ्याकडे नियमित येते. आधीच्या चार महिन्यांत ती नातीला तीनदा घेऊन आली होती. ‘पोरीला उन्हाळी लागलीय, डॉक्टरसाहेब,’ अशी तक्रार. मी लघवी तपासली, मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाचे औषध दिले आणि तिन्ही वेळा सांगितले, ‘पाणी भरपूर पीत जा.’ ते का पीत नाही, हे एकदाही विचारले नाही.

कारण साधे होते. मुलींच्या स्वच्छतागृहात जाणे त्याला असह्य होत होते आणि मुलांच्या स्वच्छतागृहात जाणे अशक्य. म्हणून सकाळी घरातून निघाल्यापासून सायंकाळी परतेपर्यंत ते पाण्याचा घोट घेत नसे. लघवी सात-आठ तास साठून राहिली की जंतूंना वाढायला अवसर मिळतो, आणि औषधाने बरा झालेला संसर्ग महिन्याभरात परत येतो. शाळकरी मुलाला असा त्रास वारंवार होत असेल, तर ते शाळेत स्वच्छतागृहात जाते का, हे एकांतात विचारावे. कारण अस्वच्छता असेल, दाराला कडी नसेल, छेडछाड असेल, किंवा असे काही असेल. पण विचारल्याखेरीज ते कळत नाही.

दुसरी खूण आजीच्या घरातच होती. तिची गुडघ्याला बांधायची क्रेप बँडेज एकामागून एक नाहीशी होत होती. ते मूल छाती सपाट दिसावी म्हणून ती घट्ट गुंडाळून दिवसभर शाळेत बसत असे. चौथ्या खेपेस ते माझ्याकडे आले ते बरगड्या दुखतात, जिना चढताना दम लागतो म्हणून. क्रेप बँडेज सुजलेल्या सांध्यावर दाब देण्यासाठी असते. छातीभोवती गुंडाळली की हालचालीने ती अधिकच आवळत जाते, श्वास पुरता घेता येत नाही, कातडीला घामाने पुरळ येते आणि बरगड्यांना इजाही होऊ शकते. ‘हे थांबव’ एवढे सांगून मूल थांबत नाही, ते लपवू लागते. म्हणून मी त्याला बँडेज का नको ते समजावले आणि त्याऐवजी खेळाडू मुली वापरतात तशी, योग्य मापाची, अंगाबरोबर बसणारी अंतर्वस्त्रे सुचवली. ती रात्री झोपताना काढावी आणि श्वास अडखळला वा दुखले तर लगेच काढावी, हेही सांगितले.

बाईंनी काय केले

शब्दकोशाच्या पानांत बाईंनी ओळी ठेवल्या त्या चारच. ‘तुझे पत्र मिळाले. तू वाईट नाहीस. बुधवारी व शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी एकटी असते. तुला कोणत्या नावाने हाक मारू ते तूच सांग.’ मूल चौथ्या दिवशी आले.

पहिल्याच भेटीत बाईंनी गुप्ततेची मर्यादा स्पष्ट केली, आणि मला ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. ‘कोणालाच काही सांगणार नाही’ असे सरसकट वचन त्यांनी दिले नाही, कारण ते पाळता येत नाही. त्या म्हणाल्या, ‘तुझ्या परवानगीवाचून मी हे घरी किंवा वर्गशिक्षकांना सांगणार नाही. मात्र तुझ्या जिवाला धोका आहे, दुसऱ्या कोणाला तुझ्याकडून धोका आहे, किंवा तुझ्यावर कोणी अत्याचार करत आहे असे दिसले, तर मला मदत बोलवावी लागेल. आणि तसे करण्याआधी मी तुला सांगेन.’ अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास ते कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. ही अट आधी सांगितली की मूल काय बोलायचे ते जाणून बोलते. नंतर कळली तर त्याला ती फसवणूक वाटते आणि ते पुन्हा कोणापुढेच तोंड उघडत नाही.

पत्र आणि भेटींची टिपणे वर्गाच्या कागदपत्रांत न जाता बाईंच्या कुलूपबंद कपाटात राहिली. माझा सल्ला घेण्यापूर्वी त्यांनी मुलाला विचारले. शाळेतील आजारी मुलांच्या खोलीला जोडलेले स्वच्छतागृह वापरण्याची सोय झाली, त्याला ‘पोटाची तक्रार’ हे कारण पुरले. ओढणीविषयी मुख्याध्यापिकांनी सर्वच मुलींना मुभा दिली : ओढणी किंवा गणवेशाच्या कापडाचे जाकीट, जे हवे ते. पहिल्या आठवड्यात पंधरा-वीस मुलींनी जाकीट घेतले आणि हे मूल त्यांच्यात मिसळून गेले. एकट्यासाठी सवलत दिली असती तर तीच त्याला उघडे पाडणारी ठरली असती.

बाईंनी पहिल्याच भेटीत आणखी एक प्रश्न सरळ विचारला : ‘कधी जगणे नकोसे वाटते का? स्वतःला इजा करावीशी वाटते का?’ असा प्रश्न विचारल्याने मुलाच्या मनात तो विचार पेरला जातो, ही समजूत चुकीची आहे. उलट बोलण्याला वाट मिळते. मुलाने सांगितले, की एकदा आजीच्या गोळ्यांचा डबा त्याने उघडून पाहिला होता. मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या निरोगी मुलाने एकदम घेतल्या तर प्राणावर बेततात. त्याच दिवशी बाईंनी, आधी ठरल्याप्रमाणे मुलाला सांगूनच, मला फोन केला. मी आजीला कारण न सांगता एवढेच म्हणालो, की यापुढे आठवड्यापुरत्या गोळ्या बाहेर ठेवा, त्याही आपल्याजवळ, आणि बाकी कुलपात. मुलाशी मी एकांतात बोललो. आता तसे विचार नव्हते, योजना नव्हती. तरी बाई पुढील काही आठवडे दर दोन दिवसांनी त्याला भेटत राहिल्या. योजना असती, तर गुप्तता बाजूला ठेवून आईवडिलांना त्याच दिवशी बोलवावे लागले असते.

आजीचे प्रश्न

घरी कोणाला आणि केव्हा सांगायचे, हे मुलाने पाच महिन्यांनी ठरवले. त्याने आधी आजीची निवड केली आणि जागा निवडली माझा दवाखाना. सर्व ऐकून झाल्यावर आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘मला सगळं उमगलं नाही, डॉक्टरसाहेब. पण माझी बँडेज कुठं जात होती, ते उमगलं.’ आणि ती रडली नाही.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच आली, प्रश्न घेऊन. पहिला प्रश्न, ‘हार्मोन तपासून घेऊ का?’ पाळी बाराव्या वर्षी आलेली, नियमित, शरीराची वाढ वयाप्रमाणे. अशा मुलात हार्मोनच्या तपासणीतून काही निघत नाही. आपण स्वतःला कोण समजतो, हे सांगणारी रक्ततपासणी किंवा मेंदूचे छायाचित्र अस्तित्वात नाही. तपासणी करावी लागते ती निराळ्या कारणांसाठी : मुलीला तेराव्या वर्षापर्यंत वयात येण्याची चिन्हेच दिसली नाहीत, पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही, आवाज घोगरा होऊन दाढी-मिशांसारखे केस वाढू लागले, किंवा बाह्य अवयवांच्या घडणीत जन्मतः वेगळेपण असेल, तर. ते शरीराचे प्रश्न होत. त्यांची तपासणी अवश्य व्हावी, पण या पत्रातील प्रश्नाचे ते उत्तर नव्हे.

दुसरा प्रश्न, ‘मग हा आजार आहे का?’ याचे उत्तर वैद्यकशास्त्राने माझ्या हयातीत बदलले आहे. मी शिकत असताना ही गोष्ट मानसिक विकारांच्या यादीत होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत ‘लिंगभाव विसंगती’ ही संज्ञा मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे. म्हणजे अशी भावना असणे हा मनोविकार मानला जात नाही. मात्र तिच्यापायी येणारी उदासी, भीती, झोप उडणे हे त्रास खरे असतात आणि त्यांवर उपचार होतात.

तिसरा प्रश्न तिने खाली बघून विचारला. नात्यातील कोणी सुचवले होते, की असे ‘सरळ’ करून देणारे एक डॉक्टर आहेत. मी तिला स्पष्ट सांगितले, की अशा ‘उपचारांनी’ ही भावना जात नाही, मूल मात्र खचते. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये अशा उपचारांना डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. विधी, उपास, घाईने केलेले लग्न यांनीही हेच नुकसान होते.

चौथा प्रश्न भीतीचा होता : ‘म्हणजे आता ऑपरेशन?’ नाही. समुपदेशकाशी बोलणे म्हणजे शस्त्रक्रियेच्या रांगेत उभे राहणे नव्हे. त्या मुलाने औषध मागितले नव्हते, ऐकून घेणारे माणूस मागितले होते. चौदाव्या वर्षीची अशी भावना काहींमध्ये पुढे निवळते, काहींमध्ये ठाम होते, काहींमध्ये तिसरेच रूप घेते. कोणात काय होईल, हे आधी सांगणारी कसोटी नाही. म्हणून ‘हे वयाचे खूळ आहे’ असे म्हणणे जितके चूक, तितकेच ‘आता हे नक्कीच झाले’ असे म्हणून घाई करणे चूक. पुढे मूल स्वतः विचारील, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञ आणि संप्रेरकतज्ज्ञ यांना पालकांसह भेटून, सावकाश ठरवण्याच्या त्या गोष्टी आहेत.

घरातील ज्येष्ठांच्या हाती काय आहे

आजीने विचारले, ‘मग मी करू तरी काय?’ मी तिला तीनच गोष्टी सांगितल्या. मुलाने सांगितलेले, त्याने म्हटल्याशिवाय पुढे कोणाला सांगू नका. भावाला नाही, भावजयीला नाही, देवळातील मैत्रिणीला तर नाहीच. त्याच्याकडून रोज निर्णय मागू नका. आणि डोळे उघडे ठेवा : उन्हाळ्यातही लांब बाह्यांचे कपडे, हातावर वा मांडीवर चिरल्याचे व्रण, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, अचानक जेवण-झोप तुटणे, मरणाची भाषा. यांतले काही दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, मुलाला एकटे सोडू नका. रात्री-अपरात्री ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. संकटातील बालकांसाठी १०९८ आहे.

वडिलांचे सांगणे सोपे गेले नाही. मुलाची भीती खोटी नव्हती. पहिल्या संतापात त्यांनी शाळा बंद करण्याचे शब्द काढलेच. आजीने मुलाची बाजू घेऊन वाद घातला नाही. ती एवढेच म्हणाली, ‘शाळा बंद केलीस तर ते पोर ज्या एका माणसाशी बोलतंय, ते माणूसही जाईल.’ शाळा चालू राहिली. वडील समुपदेशक बाईंना भेटायला चार महिन्यांनी गेले. आजही ते या विषयावर मोकळेपणी बोलत नाहीत, पण मुलाच्या केस कापण्यावर आता भांडण होत नाही.

मूल आज अकरावीत आहे. ‘अजून ठरलेले नाही’ असे ते अलीकडेच मला म्हणाले, आणि ते म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर ताण नव्हता. गेल्या दीड वर्षात त्याला मूत्रमार्गाचा संसर्ग झालेला नाही. गेल्या महिन्यात आजी गुडघ्यासाठी आली, तेव्हा तेच तिला हात धरून घेऊन आले होते. पूर्वी ती त्याला ‘पोरी’ म्हणत असे. आता ‘बाळा’ म्हणते. निघताना नेहमीप्रमाणे म्हणाली, ‘मी येतो हं, डॉक्टरसाहेब.’ आणि मागून ते मूलही हसून म्हणाले, ‘मीपण येतो.’